विश्लेषण : लॉगिन केंद्रचालकाचे, हुकूम भलत्याच साइटचा! एक छुपे टोकन हा डाव कसा उधळते?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या सेवा केंद्रात भर दुपारी डोकावले, तर संगणकाच्या पडद्यावर साधारण एकच चित्र दिसते. वरच्या पट्टीत आठ-दहा टॅब उघडे. एकात दाखल्यांचे पोर्टल, दुसऱ्यात योजनेचे, तिसऱ्यात फोटो ५० केबीच्या आत बसवून देणारी कुठली तरी मोफत साइट, चौथ्यात पीडीएफ लहान करणारी, पाचव्यात व्हॉट्सॲप वेब. पोर्टलवर सकाळी एकदा लॉगिन केले की ते संध्याकाळपर्यंत तसेच. बाहेर रांग असताना दर अर्जाला लॉगआउट करून पुन्हा ओटीपीची वाट कोण पाहणार?

पासवर्ड कुणाला सांगितलेला नाही, ओटीपी दिलेला नाही, संगणकात व्हायरस नाही. तरीही त्या फोटोवाल्या साइटला पोर्टलवर केंद्रचालकाच्या नावाने अर्ज भरता येऊ शकतो. या प्रकाराला ‘क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी’, थोडक्यात ‘सीएसआरएफ’ म्हणतात. तो थांबवण्याचा उपाय जवळपास फुकट आहे. तो वापरण्याची जबाबदारी मात्र केंद्रचालकाची नाही, पोर्टल बनवणाऱ्याची आणि ते विकत घेणाऱ्याची आहे.

पासवर्ड न चोरता हे घडते कसे?

लॉगिन झाल्यावर पोर्टल ब्राउझरला एक खूणचिठ्ठी देते. तिला कुकी म्हणतात. पुढे त्या पोर्टलकडे जाणाऱ्या प्रत्येक मागणीसोबत ब्राउझर ती चिठ्ठी आपणहून जोडतो. म्हणूनच दर पानावर पासवर्ड विचारला जात नाही. गोम याच ‘आपणहून’मध्ये आहे. ब्राउझर मुख्यतः मागणी कुठे चालली आहे ते पाहून कुकी जोडतो. ती मागणी कोणत्या पानावरून सुटली, याकडे त्याने कित्येक वर्षे लक्षच दिले नाही.

एक काल्पनिक पण तंतोतंत उदाहरण घेऊ. समजा, अनुदानाचे एक पोर्टल anudan.example या पत्त्यावर चालते. शेतकऱ्याचे बँक खाते बदलायचे असेल, तर केंद्रचालक एका फॉर्ममध्ये अर्ज क्रमांक, नवा खाते क्रमांक आणि आयएफएससी भरून ‘जतन करा’ दाबतो. सकाळी ११ वाजता तो लॉगिन करतो. पावणेबाराला एका मुलीचा फोटो लहान करायला दुसरी साइट उघडतो. त्या साइटच्या पानात, डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात, एवढेच लिहिलेले असते :

```html
<form action="https://anudan.example/khate-badal" method="POST">
  <input type="hidden" name="arj" value="4512">
  <input type="hidden" name="khate" value="000111222333">
  <input type="hidden" name="ifsc" value="ABCD0001234">
</form>
<script>document.forms[0].submit()</script>
```

पान उघडताच शेवटची ओळ तो फॉर्म आपोआप पाठवते. कुणी बटण दाबलेले नसते. मागणी निघते फोटोच्या साइटवरून, पण जाते पोर्टलकडे. त्यामुळे ब्राउझर तिच्यासोबत पोर्टलची कुकी जोडू शकतो. पोर्टलला चिठ्ठी खरी दिसते, लॉगिन चालू दिसते, मागणी त्याच केंद्राच्या इंटरनेट जोडणीवरून आलेली दिसते. अर्ज क्रमांक ४५१२ चे खाते बदलते. हा फॉर्म अदृश्य चौकटीत पाठवला, तर केंद्रचालकाला पडद्यावर फोटो लहान झालेला दिसतो, दुसरे काहीच नाही.

हल्लेखोराला फॉर्मचा पत्ता आणि रकान्यांची नावे कुठून कळली? ही गुपिते नसतात. ज्याच्याकडे पोर्टलचे कोणतेही लॉगिन आहे, त्याला ती पानाच्या सोर्समध्ये वाचता येतात. अर्ज क्रमांक ओळीने दिलेले असतील, तर तेही अंदाजाने भरता येतात. कोणता केंद्रचालक नेमका त्या वेळी लॉगिन असेल, हे मात्र त्याला माहीत नसते. म्हणून तो एकाच्या मागे लागत नाही. पुष्कळ जण येतील अशा पानावर जाळे टाकतो आणि थांबतो.

असे खरोखर घडले आहे का?

हो, आणि नावाजलेल्या ठिकाणी. या दोषाला हे नाव २००१ मध्ये मिळाले. सप्टेंबर २००७ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने जीमेलमधला असाच दोष उघड केला. जीमेल उघडे असताना वापरकर्ता विशिष्ट पानावर गेला, तर ते पान त्याच्या खात्यात गुपचूप एक ‘फिल्टर’ तयार करू शकत होते. त्यानंतर ठरावीक ईमेलच्या प्रती हल्लेखोराच्या पत्त्यावर जात. गुगलने दोष लगेच दुरुस्त केला. पण आधीच तयार झालेला फिल्टर त्या दुरुस्तीने आपोआप पुसला जात नव्हता. पासवर्ड बदलूनही तो जाणार नव्हता, कारण पासवर्ड चोरीला गेलेलाच नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक ब्रिटिश ग्राफिक डिझायनर लांबच्या सुटीवर असताना त्याच्या व्यवसायाचे डोमेन परस्पर दुसऱ्याकडे गेले. त्याच्या जीमेल खात्यात त्याने न केलेला फिल्टर सापडला. डोमेन पुढे परत मिळाले.

पुढच्या वर्षी, २००८ मध्ये, अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विल्यम झेलर आणि एडवर्ड फेल्टन यांनी चार प्रसिद्ध संकेतस्थळांमधले असे दोष मांडले. त्यात आयएनजी डायरेक्ट ही बँक होती. लॉगिन असलेल्या ग्राहकाच्या नावाने नवे खाते उघडून त्याच्या खात्यातले पैसे दुसरीकडे वळवता येतात, हे त्यांनी दाखवले. बँकेचे पान ‘एचटीटीपीएस’वर होते, पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह होते. त्याचा इथे काही उपयोग नव्हता. कुलूप वाटेतल्या चोराला अडवते. इथे खोटी मागणी खुद्द ग्राहकाच्याच ब्राउझरमधून, त्याच कुलपाआडून जात होती.

छुपे टोकन नेमके काय करते?

उपाय ब्राउझरच्या दुसऱ्या एका जुन्या नियमावर उभा आहे. एका साइटचे पान दुसऱ्या साइटकडे मागणी पाठवू शकते, पण तिकडून आलेले उत्तर वाचू शकत नाही. फोटोवाल्या साइटला पोर्टलच्या पेटीत कागद टाकता येतो, पण पोर्टलच्या टेबलावर काय लिहिले आहे ते पाहता येत नाही.

म्हणून पोर्टल फॉर्म दाखवतानाच त्यात एक लपवलेला रकाना घालते :

```html
<input type="hidden" name="csrf_token" value="k7Qx9vT2mZ...">
```

हे मूल्य लांब असते, यादृच्छिक असते आणि त्या लॉगिनशी बांधलेले असते. केंद्रचालकाने खरा फॉर्म उघडून ‘जतन करा’ दाबले, की टोकन इतर माहितीसोबत परत जाते. सर्व्हर आपल्याकडच्या नोंदीशी ते ताडून पाहतो. जुळले तर काम होते, नाही तर मागणी फेटाळली जाते. केंद्रचालकाला यातले काही दिसत नाही, त्याचा एक क्लिकही वाढत नाही.

आता फोटोवाल्या साइटची गोची पाहा. कुकी ब्राउझर आपणहून जोडतो, टोकन जोडत नाही. टोकन फॉर्ममध्ये लिहावे लागते, आणि लिहिण्यासाठी आधी वाचावे लागते. वाचायचे तर पोर्टलचे पान उघडून पाहावे लागेल, आणि नेमके तेच ब्राउझर करू देत नाही. स्वतःच्या लॉगिनने मिळवलेले टोकनही चालणार नाही, कारण ते दुसऱ्या लॉगिनशी बांधलेले आहे. अंदाज बांधावा, तर इतक्या लांब यादृच्छिक मूल्याचा अंदाज लागत नाही.

कापूस खरेदी केंद्रावरचे टोकन जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. ज्याच्या हाती त्या दिवसाचे टोकन, त्याचीच गाडी काट्यावर. गावात सगळ्यांना ओळखणारा माणूसही टोकनाशिवाय आत येत नाही. कुकी म्हणजे ओळख, तर टोकन म्हणजे ‘हा कागद आमच्याच खिडकीवरून दिलेला आहे’ याचा पुरावा. पोर्टलला दोन्ही तपासावी लागतात.

ब्राउझरनेच आता हे बंद केले नाही का?

बरेचसे केले, पूर्ण नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोमच्या ८० व्या आवृत्तीपासून नवा नियम हळूहळू लागू झाला. कुकीवर SameSite ही सूचना नसेल, तर दुसऱ्या साइटवरून आलेल्या फॉर्मसोबत ती पाठवायची नाही. करोनाच्या काळात अत्यावश्यक साइट बिघडू नयेत म्हणून एप्रिलमध्ये तो मागे घेतला गेला आणि जुलैपासून पुन्हा सुरू झाला. त्यामुळे हा हल्ला पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. पण ‘ब्राउझर बघून घेईल’ म्हणून टोकन टाळणे चुकीचे आहे. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण शुल्क भरण्याचे. अनेक पोर्टलवर ऑनलाइन शुल्क भरताना वापरकर्ता पेमेंट गेटवेच्या साइटवर जातो आणि पैसे भरल्यावर तिथून एका फॉर्मद्वारे पोर्टलवर परत येतो. नव्या नियमाने या परतीच्या वाटेवर कुकी मिळत नाही. पैसे कापले जातात आणि पोर्टल म्हणते, ‘पुन्हा लॉगिन करा’. तक्रारी आल्या की घाईतला सोपा उपाय असा असतो :

```
Set-Cookie: sessionid=8f3a...; Secure; HttpOnly; SameSite=None
```

शेवटच्या दोन शब्दांनी तक्रार मिटते, पण फक्त त्या एका परतीसाठी नव्हे, तर साऱ्या फॉर्मसाठी आणि साऱ्या साइटसाठी दार उघडते. वरच्या काल्पनिक पोर्टलवर हेच झाले होते असे समजा. खरा उपाय वेगळा आहे. परतीचा पत्ता लॉगिनच्या कुकीवर अवलंबून ठेवायचा नाही, गेटवेने पाठवलेली डिजिटल सही तपासून व्यवहार नोंदवायचा आणि लॉगिनची कुकी बंदिस्तच ठेवायची.

दुसरे कारण पत्त्यांचे. SameSite हा नियम ‘साइट’ पाहतो, आणि ब्राउझरच्या लेखी maharashtra.gov.in या नावाखालची सारी उपनावे मिळून एकच साइट आहे. एका मोठ्या नावाखाली अनेक संकेतस्थळे चालत असतील आणि त्यातल्या एका जुन्या, विसरलेल्या संकेतस्थळावर कुणी स्वतःचे पान घुसवले, तर तिथून शेजाऱ्याकडे जाणारी मागणी ‘घरातली’च समजली जाते. टोकनाला हा घोटाळा होत नाही. त्याची बांधिलकी नावाशी नसते, लॉगिनशी असते.

तिसरे कारण साध्या लिंकचे. कुणी लिंकवर टिचकी मारून पोर्टलवर आला, तर सर्वसाधारण नियमात कुकी पाठवली जाते. नाही तर व्हॉट्सॲपवर आलेली प्रत्येक लिंक लॉगिन विचारत बसेल. म्हणून लिंक उघडताच काही बदलेल वा पुसले जाईल अशी रचना असेल, तर SameSite चा हा नियम तिथे कामी येत नाही. लिंकने फक्त दाखवावे आणि बदल फॉर्मनेच व्हावा, ही पहिली शिस्त. टोकन त्यानंतर.

मग टोकन असूनही फसगत का होते?

बहुतेक वेळा टोकन असते, तपासणी नसते. पानात csrf_token दिसते म्हणून सगळे निर्धास्त होतात. सर्व्हर मात्र ते आले तरच ताडून पाहतो, आलेच नाही तर मागणी मुकाट्याने स्वीकारतो. हल्लेखोराने तो रकानाच वगळला की काम फत्ते. काही ठिकाणी सर्वांना एकच टोकन दिले जाते. मग स्वतःच्या लॉगिनमधले टोकन दुसऱ्यावर चालते.

दुसरी वाट तक्रारींमधून जाते. जॅंगो, लॅराव्हेल अशा प्रचलित चौकटींमध्ये ही तपासणी तयारच मिळते. गावात वीज जाते, नेट अडखळते, केंद्रचालक अर्धा तास फॉर्म भरत बसतो आणि तोवर लॉगिनची मुदत संपते. लॅराव्हेल अशा वेळी ‘४१९, पेज एक्स्पायर्ड’ दाखवते आणि भरलेले सगळे वाया जाते. केंद्रचालकाचा संताप रास्त असतो. कंत्राटदार मग त्या फॉर्मपुरती तपासणीच बंद करतो. जॅंगोमध्ये त्याला @csrf_exempt ही एक ओळ पुरते. वास्तविक लॉगिनची मुदत वाढवणे, भरलेली माहिती जपून ठेवणे आणि नवे टोकन देऊन पुन्हा पाठवू देणे, हा उपाय होता. पण त्याला दोन दिवस लागतात आणि त्या एका ओळीला दोन मिनिटे.

टोकनाची एक खरी मर्यादाही आहे. हल्लेखोराचा कोड पोर्टलच्याच पानात घुसला, तर तो टोकन वाचू शकतो, कारण आता तो बाहेरचा राहिलेला नसतो. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेसवर पसरलेल्या ‘सॅमी’ वर्मने हेच केले. त्याने आधी पान उघडून त्यातले मूल्य वाचले, मग ते जोडून मागणी पाठवली आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक खात्यांत शिरला. टोकन बाहेरच्याला अडवते. आत शिरलेल्याला अडवणे हे वेगळे काम आहे.

घडलेच, तर दोष कुणाच्या माथी?

खरी काळजी इथे आहे. पोर्टलच्या नोंदवहीत लिहिलेले असते : अमुक केंद्राच्या लॉगिनने, त्याच्याच इंटरनेट जोडणीवरून, ११ वाजून ४६ मिनिटांनी खाते बदलले. शेतकऱ्याचे पैसे भलत्याच खात्यात गेलेले असतात. केंद्रचालक म्हणतो, मी केले नाही. त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ सी दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख फसवणुकीने वापरणाऱ्यासाठी आहे. पण इथे पासवर्ड दुसऱ्याने वापरल्याची खूणच नसते. उलट सगळे पुरावे निरपराध माणसाकडे बोट दाखवतात.

सत्य सांगणारी एक जागा असते. फॉर्म पाठवताना ब्राउझर मागणीसोबत Origin नावाची ओळ जोडतो आणि ती कुठल्या साइटवरून निघाली ते त्यात असते. खऱ्या मागणीत तिथे पोर्टलचाच पत्ता दिसतो, खोट्या मागणीत फोटोवाल्या साइटचा, किंवा हल्लेखोराने तो लपवला असेल तर नुसते null. ही ओळ पानातल्या कोडला खोटी लिहिता येत नाही. पण सर्व्हरच्या नेहमीच्या नोंदींत ती बहुधा साठवली जात नाही, तशी व्यवस्था मुद्दाम करावी लागते. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. मात्र त्या नोंदींत Origin नसेल, तर १८० दिवस जपलेला कागद केंद्रचालकाच्या विरुद्धच साक्ष देईल. म्हणून लॉगिन निलंबित करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. या फॉर्मवर टोकनाची तपासणी होती का? आणि त्या मागणीचा Origin काय होता?

‘काम झाले की लॉगआउट करा’ एवढे पुरे नाही का?

तो सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. लॉगआउटचे बटण दाबले की सर्व्हरवरचे लॉगिन संपते आणि कुकी निकामी होते. नुसता टॅब बंद केल्याने बहुधा तसे होत नाही. केंद्रचालकाने पोर्टलसाठी एक ब्राउझर आणि फोटो-पीडीएफच्या साइटसाठी दुसरा वापरला, तर धोका बराच घटतो, कारण एकातली कुकी दुसऱ्याला दिसत नाही. मोबाइलवरही हाच हिशेब आहे. व्हॉट्सॲपमधली लिंक सहसा नेहमीच्याच ब्राउझरमध्ये उघडते, म्हणजे जिथे लॉगिन चालू असते तिथेच. बँकेचे स्वतंत्र ॲप या विशिष्ट हल्ल्याच्या कक्षेत सहसा येत नाही, कारण त्याची ओळखचिठ्ठी ब्राउझरच्या हाती नसते.

पण रांगेतल्या माणसांसमोर दिवसभर बसणाऱ्याने दर अर्जाला लॉगआउट करावे, अशी अपेक्षा ठेवून पोर्टल बांधणे म्हणजे पूल कच्चा ठेवून वाहनचालकांना ‘हळू चालवा’ म्हणण्यासारखे आहे. दोष ज्या ठिकाणी आहे, दुरुस्ती त्याच ठिकाणी व्हायला हवी.

आणि ती तपासायला तज्ज्ञांचे पथक लागत नाही. पतसंस्था असो, बाजार समिती असो की शाळा, संकेतस्थळाचे शेवटचे बिल देण्याआधी कंत्राटदाराला समोर बसवून तीन गोष्टी करून दाखवायला सांगाव्यात. बदल करणारा एक फॉर्म निवडावा आणि तो टोकन काढून पाठवावा. मग टोकनातले एक अक्षर बदलून पाठवावा. मग दुसऱ्या लॉगिनचे टोकन घालून पाठवावा. तिन्ही वेळा सर्व्हरने नकार दिला पाहिजे आणि खात्यात काहीच बदलता कामा नये. एकदाही काम झाले, तर पोर्टल अपुरे आहे आणि बिलही थांबले पाहिजे. निविदेत या चाचणीची एक ओळ लिहिली असती, तर अर्ज क्रमांक ४५१२ चे खाते बदललेच नसते.

खात्याचा तपशील आपण न बदलता बदलल्याचा संदेश शेतकऱ्याला आला, तर बँकेला आणि १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पण तो संदेश वाचण्याची वेळ येऊ न देण्याचे काम त्या छुप्या रकान्याचे आहे, आणि तो लिहिणाऱ्याचे.